सिमेंट जास्त टाकूनही प्लॅस्टरला भेगा का जातात? १:६ आणि १:४ चा नीट हिशोब

नाशकात सध्या जिकडे बघाल तिकडे बांधकाम चालू आहे. २०२७ च्या कुंभमेळ्याची सरकारी कामं वेगळी, आणि पाथर्डी फाटा, मखमलाबाद, आडगाव या बाजूला स्वतःचा बंगला बांधणारे लोक वेगळे. यातल्या स्वतः बांधणाऱ्या मंडळींची एक तक्रार हमखास ऐकायला मिळते, की आम्ही सिमेंटमध्ये अजिबात काटकसर केली नाही, उलट मिस्त्रीला सांगून जास्तच टाकायला लावलं, तरी रंग लावायच्या आधीच भिंतीवर जाळ्यासारख्या भेगा आल्या. मग संशय सिमेंटच्या कंपनीवर जातो, नाहीतर वाळूवर, नाहीतर मिस्त्रीने सिमेंट चोरलं असेल असा. आता खरं सांगायचं तर या भेगांचं कारण बऱ्याचदा त्याच "जास्तच टाकायला लावलं" मध्ये असतं. कसं ते सांगतो.

१:६ म्हणजे नक्की काय

वीटकाम असो की प्लॅस्टर, माल म्हणजे सिमेंट, वाळू आणि पाणी. १:६ म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, आणि हे भाग आकारमानाचे, वजनाचे नाहीत. सिमेंट कमी आणि वाळू जास्त असेल तर त्याला साइटवर लीन माल म्हणतात, सिमेंट जास्त असेल तर रिच माल. म्हणजे १:४ हा १:६ पेक्षा रिच, १:३ त्याहून रिच. दुसरा आकडा जितका छोटा तितकं सिमेंट जास्त, एवढं डोक्यात ठेवलं की पुढे गोंधळ होत नाही.

आपल्याकडे चालणारी प्रमाणं साधारण अशी आहेत. नऊ इंची भिंतीच्या वीटकामाला १:६. साडेचार इंची पार्टिशनच्या भिंतीला १:४. आतल्या भिंतींच्या प्लॅस्टरला, जे साधारण १२ मिलिमीटर जाड असतं, १:६ किंवा १:५. स्लॅबच्या खालच्या बाजूला म्हणजे सीलिंगला सहा मिलिमीटरचा पातळ थर, तिथे १:४. बाहेरच्या भिंतीला दोन थरांत मिळून वीस मिलिमीटरच्या आसपास, तिथे १:४ ते १:५. वीटकामाच्या मालासाठी आयएस २२५० आणि प्लॅस्टरसाठी आयएस १६६१ असे भारतीय मानकांचे कागद आहेत, पण घरमालकाला ते वाचायची गरज नाही, इंजिनिअरने वाचलेले असले म्हणजे झालं.

इथे एक गोष्ट लक्षात आली का, की सगळीकडे एकच प्रमाण नाहीये. रिच माल जर सगळ्याच बाबतीत चांगला असता तर नऊ इंची भिंतीला मुद्दाम १:६ कशाला सांगितलं असतं? नुसत्या पैशासाठी नाही.

आकसतं ते सिमेंट, वाळू नाही

सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्याचा चिकट लगदा होतो, तो वाळूच्या कणांभोवती बसतो आणि कडक होतो. पण कामाला येईल इतका मऊ माल करायला जेवढं पाणी लागतं ते सिमेंटला घट्ट व्हायला लागणाऱ्या पाण्यापेक्षा बरंच जास्त असतं, आणि हे जास्तीचं पाणी पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांत हळूहळू उडून जातं. पाणी गेलं की लगदा आकसतो. वाळूचे कण दगडाचेच, ते आकसत नाहीत, एकमेकांना टेकून ते एक सांगाडा धरून ठेवतात आणि लगद्याच्या आकसण्याला अडवतात.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. निफाडच्या काळ्या रानात एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि शेजारच्याच मुरमाड जमिनीत एक भेग दिसत नाही, ऊन दोघांना तेच. काळ्या मातीत पाणी धरणारा बारीक चिकट भाग जास्त, मुरमात खडा जास्त. रिच माल काळ्या रानासारखा वागतो.

साधारण वाळूत कणांच्या मधली पोकळी एकूण आकारमानाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. म्हणून तीन भाग वाळूला एक भाग सिमेंट घातलं की पोकळी जवळजवळ भरून जाते. त्याच्याही वर सिमेंट घातलं तर कण एकमेकांपासून लांब ढकलले जातात, सांगाडा मोडतो आणि लगदाच माल होऊन बसतो. १:६ मध्ये कण एकमेकांना टेकलेले राहतात, थोडी पोकळी रिकामी राहते, आणि ती राहिलेली चालते.

आकसलं तर आकसलं, भेग का पडते

कारण प्लॅस्टर मोकळं नसतं, ते भिंतीला चिकटलेलं असतं. भिंतीचं वीटकाम आधीच वाळून बसलेलं, ते आता हलायला तयार नाही, आणि त्याच्या अंगावरचा नवा थर आकसायला बघतोय. दहा फुटी भिंतीवरचा सिमेंटचा माल मोकळा सोडला तर वाळताना साधारण दीड-दोन मिलिमीटर कमी होईल. पण भिंत त्याला होऊ देत नाही, म्हणजे तेवढाच तो ताणला जातो. आता सिमेंटचा माल दाबाला दणकट पण ताणाला एकदम कच्चा, दाबाच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास त्याची ताणाची ताकद. तेवढ्या दहा फुटात त्याला अर्धा मिलिमीटरही ताण सोसत नाही. मग उरलेलं कुठे जातं? थोडं तो हळूहळू सैल पडून पचवतो, आणि जे पचत नाही ते भेग बनून बाहेर येतं.

इथेच रिच माल दोनदा मार खातो. एक तर तो आकसतोच जास्त, आणि दुसरं म्हणजे तो इतका कडक आणि ताठ असतो की सैल पडून पचवणं त्याला कमी जमतं. लीन माल थोडा मऊ असल्यामुळे त्याच्यात आलेल्या भेगाही बारीक आणि विखुरलेल्या असतात, बऱ्याचदा डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. रिच माल मात्र ताण साठवत साठवत जातो आणि मग एकदम एका जागी फाटतो.

आणि फाटला नाही तर सुटतो. रिच थराचा ओढा इतका असतो की तो खालच्या विटेवरची पकडच तोडतो, वरून भिंत एकदम गुळगुळीत दिसते पण नाण्याने टकटक केलं की बद्द आवाज येतो. म्हणून वरचा थर खालच्यापेक्षा कडक नको, असा प्लॅस्टरचा जुना नियम आहे. पंचवटीत, जुन्या नाशकात विटा-चुन्याचे वाडे आहेत, त्यांच्या भिंतीवर कुणी दुरुस्ती म्हणून कडक सिमेंटचं प्लॅस्टर मारलं की काही वर्षांत ते पापुद्र्यासारखं सुटतं आणि जाताना खालच्या मऊ विटेचा तुकडाही घेऊन जातं, त्याचं कारण हेच.

पण जास्त सिमेंट म्हणजे जास्त ताकद, हे खोटं का?

खोटं नाही, पण ती ताकद इथे उपयोगाची नाही. १:६ चा माल पूर्ण पक्का झाल्यावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३० किलो दाब घेतो, १:४ चा साधारण ७५ किलो. आता आपल्याकडच्या साध्या भाजलेल्या विटेची ताकद बघा, ती बऱ्याच ठिकाणी ३५ किलोच्या आसपास असते. भिंतीची ताकद वीट आणि सांधा मिळून ठरते, त्यातली वीटच ३५ ची असेल तर सांधा ७५ चा करून भिंत दुप्पट मजबूत होत नाही, फरक किरकोळ पडतो.

उलट नुकसान असं, की १:६ च्या सांध्यात भिंत थोडी हलली तर भेग सांध्यात जाते, बारीक असते, टाचणी शिरणार नाही अशी. रिच सांधा विटेपेक्षा कडक झाला की तीच हालचाल विटेतून फाटून जाते. सांधा परत भरता येतो, फुटलेली वीट कोण बदलत बसणार?

मग साडेचार इंचीला १:४ का, असा प्रश्न येणारच. ती भिंत पातळ, दारं आपटल्यावर हादरते, आडवा धक्का घ्यायला तिच्या अंगात जाडी नाही, म्हणून सांध्याची पकड वाढवावी लागते, आणि दर तीनेक फुटांवर आरसीसीची आडवी पट्टीही टाकतात. म्हणजे तिथे थोडं आकसणं मान्य करून पकड विकत घेतलेली असते. सीलिंगचंही तसंच, माल उलटा लटकणार म्हणून चिकटपणा हवा, आणि थर सहाच मिलिमीटरचा असल्यामुळे त्याचा ओढाही कमी.

मग १:८ करू, भेगाच नको

तसंही नाही. सिमेंट फारच कमी झालं की माल थापीवर सुटा सुटा वाटतो, भिंतीवर मारला की अर्धा खाली पडतो, मिस्त्री वैतागून पाणी वाढवतो. वाळल्यावर हात फिरवला तर वाळू हाताला येते, खिळा ठोकला की ढपली निघते. रंगवाला आला की त्याची पुट्टी प्लॅस्टरच पिऊन टाकतं. लीनची बाजू घेतोय म्हणून वाळूचं प्लॅस्टर करा असं नाही म्हणत. आतल्या भिंतीला १:५-१:६ ही मधली जागा आहे.

कागदावर १:६, भिंतीवर १:४: हे होतं कसं

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग. बऱ्याच साइटवर कुणी ठरवून रिच माल करत नाही, तो आपोआप होतो, आणि तो कसा होतो हे एका उदाहरणाने बघू.

समजा पावसाळा नुकताच संपलाय, वाळूचा ढीग उघड्यावर, अजून ओलसर. मालक उभा आहे.
"मिस्त्री, किती टाकताय?"
"एक गोणीला चौदा घमेली, शेठ. आपला नेहमीचा माल. सहाचाच."
मालक खूश, वर सांगतो की हात आखडता घेऊ नका.

हिशोब करू. पन्नास किलोची सिमेंटची गोणी म्हणजे आकारमानाने ३५ लिटर. साइटवरचं घमेलं पाण्याने मोजून बघा, कारण घमेली लहानमोठी असतात, समजा सपाट भरून बारा लिटर निघालं. म्हणजे एक गोणी सिमेंट तीन घमेल्यांपेक्षा थोडं कमी. मग १:६ ला कोरडी वाळू अठरा घमेली लागते. मिस्त्रीने चौदा टाकली, म्हणजे १६८ लिटर. इथेच प्रमाण १:४.८ झालं.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण वाळू ओलसर आहे. ओलसर वाळू फुगते. कणांवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून लांब उभे राहतात, त्यामुळे तीच वाळू घमेल्यात वीस-पंचवीस, कधी तीस टक्केसुद्धा जास्त जागा घेते. आपण समजा पंचवीस टक्के धरू. तर १६८ लिटर ओलसर वाळूत खरी वाळू १३४ लिटरच, तिला ३५ ने भागा, ३.८ आलं. म्हणजे मिस्त्री मनापासून सहाचा म्हणतोय आणि भिंतीवर चाललाय चाराहून रिच माल. कुणी कुणाला फसवलं नाही. याच ओलसर वाळूने खरा १:६ करायचा असता तर बावीस-तेवीस घमेली लागली असती, आणि तेवढी टाकताना बघून मालकानेच आरडाओरडा केला असता.

वाळू किती फुगलीय हे तपासायला लॅब लागत नाही. सरळ कडांचा डबा किंवा कापलेली बाटली घ्या, ओलसर वाळू वीस सेंटिमीटरपर्यंत सैल भरा, दाबू नका. मग ती वाळू दुसऱ्या भांड्यात काढा, डब्यात अर्धं पाणी घ्या आणि वाळू परत त्यात सोडून काठीने हलवा. पूर्ण बुडालेली वाळू फुगलेली राहत नाही, ती बसते. बसल्यावर उंची सोळा आली तर वीस भागिले सोळा, म्हणजे सव्वापट, म्हणजे पंचवीस टक्के फुगवटा. तेवढी वाळू जास्त घ्यायची. आणि घमेली मोजण्यापेक्षा आतून ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरची फळ्यांची पेटी सुताराकडून करून घ्या, ती बरोबर ३५ लिटरची होते, एक गोणीला कोरड्या वाळूच्या सहा पेट्या, ओलसर असेल तर फुगवट्याएवढी वरून, संपलं.

पैशाचाही हिशोब सांगतो. दहा बाय दहाच्या एका भिंतीला, म्हणजे शंभर स्क्वेअर फुटाला, १२ मिलिमीटरचं प्लॅस्टर वीटकामाचा खडबडीतपणा धरून १:४ ने केलं तर साधारण एक गोणी जाते, १:६ ने पाऊण गोणीच्याही आतच. आतलं प्लॅस्टर चार हजार स्क्वेअर फूट असेल तर हा फरक अकरा-बारा गोण्यांचा होतो. म्हणजे जास्त पैसे देऊन भेगा.

वरून सिमेंट घोटणं, आणि क्रश सँडची धूळ

माल १:६ चा असूनही कधीकधी भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा दिसतात, त्याला कारण शेवटच्या पाच मिनिटांतलं काम असतं. फिनिशिंग चकाचक दिसावं म्हणून मिस्त्री ओल्या प्लॅस्टरवर कोरडं सिमेंट भुरभुरवतो आणि लोखंडी थापीने घोटतो. तो वरचा मिलिमीटरभर थर म्हणजे वाळू नसलेलं निव्वळ सिमेंट. त्या दिवशी मालकाला भिंत आवडते. नंतर तोच थर तडकतो. लाकडी रंध्याने सपाट करून सोडायचं, गुळगुळीतपणा पुट्टीवर सोपवायचा.

दुसरं म्हणजे नदीची वाळू मिळणं अवघड झाल्यापासून बहुतेक काम क्रश सँडवर, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूवर चालतं. क्रश सँड वाईट नाही, पण प्लॅस्टरसाठी धुतलेली, बारीक ग्रेडची वेगळी येते, आणि स्वस्तात मिळते म्हणून खडीची धूळ भरलेली आली की भेगांचं आमंत्रण. धुळीला जास्त पाणी लागतं, जास्त पाणी म्हणजे जास्त आकसणं. पारदर्शक बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, जोरात हलवून काही तास ठेवा. वाळूच्या वर जो मऊ गाळ बसेल तो वाळूच्या उंचीच्या सात-आठ टक्क्यांपेक्षा जास्त दिसला तर गाडी परत पाठवा.

बाहेरच्या भिंतीला पाऊस लागतो, तिथे तरी १:३ नको का?

हा प्रश्न त्र्यंबक-इगतपुरीकडच्या लोकांकडून जास्त येतो आणि त्यांचं बरोबर पण आहे, तिकडचा पाऊस वेगळाच. पण भिंतीतून पाणी येतं ते मालाच्या अंगातून कमी आणि भेगेतून जास्त. १:३ चा थर अंगाने घट्ट असेल, पण त्याला भेग गेली की पाणी आत शिरतं आणि घट्ट अंगामुळे बाहेर वाळायला वाट राहत नाही, भिंत आतून ओलीच राहते. त्यापेक्षा १:४ किंवा १:५ दोन थरांत करा, पहिला थर खडबडीत ठेवून आकसू द्या, त्याच्या भेगा काय पडायच्या त्या पडू द्या, मग वरचा थर मारा आणि तो खालच्यापेक्षा रिच नको. एकाच दमात वीस-पंचवीस मिलिमीटर थापलं की कुठलंही प्रमाण वाचवत नाही.

पाणी मारलं नाही म्हणून भेगा पडल्या, असं सांगतात

ते पण खरं असतं. भिंत आधी ओली न करता प्लॅस्टर केलं की वीट मालातलं पाणी ओढून घेते, आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात पश्चिमेची भिंत दुपारी तापली की वरूनही पाणी उडतं. माल ताकद धरायच्या आधीच आकसतो. दुसऱ्या दिवसापासून निदान सात दिवस, आणि पीपीसी सिमेंट असेल तर दहा दिवस, भिंत ओलसर राहिली पाहिजे, सकाळी एकदा पाइप मारून दिवसभर विसरणं म्हणजे क्युरिंग नाही. पण क्युरिंगने आकसणं पुढे ढकललं जातं, टळत नाही. चांगलं पाणी मारलेला १:३ चा माल महिन्याभराने का होईना आकसणारच, फक्त तोवर त्याच्या अंगात थोडी ताकद आलेली असते. तसंच कालवलेला माल जेवणाच्या सुट्टीत कडक झाला म्हणून परत पाणी टाकून मारायचा नाही. पाणी घातल्यापासून दोन तासांत संपेल एवढाच कालवायचा.

माझ्या भिंतीची भेग कुठली?

सगळ्याच भेगा रिच मालाच्या नसतात. जाळ्यासारख्या, कुठूनही कुठेही जाणाऱ्या केसाएवढ्या भेगा असतील तर आकसण्याच्या. बीमच्या खाली सरळ आडवी किंवा कॉलमच्या कडेला सरळ उभी भेग असेल तर ती काँक्रीट आणि वीट वेगवेगळी हलल्यामुळे, तिथे प्लॅस्टरच्या आधी कोंबडीजाळी ठोकायची राहिलेली असते. आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्या पायऱ्यांनी तिरकी चढत जाणारी, एका टोकाला रुंद होणारी भेग असेल तर प्लॅस्टर सोडा, पायाकडे बघा, खास करून काळ्या मातीवर घर असेल तर, आणि इंजिनिअर बोलवा. खात्री करायची सोपी रीत म्हणजे भेगेवर छिन्नीने दोन इंचाचं प्लॅस्टर काढायचं. खाली वीट आणि सांधा अखंड असेल तर दुखणं फक्त प्लॅस्टरचं.

तसं निघालं तर घाई करू नका. एक उन्हाळा जाऊ द्या, आकसायचं ते आकसून होऊ दे. मग भिंत नाण्याने सगळीकडे वाजवा. जिथे खणखणीत आवाज आहे तिथल्या बारीक भेगा क्रॅक फिलर आणि पुट्टीने भरून रंग लावता येतो. जिथे बद्द वाजतं तिथे भरून उपयोग नाही, तो तुकडा चौकोनी कापून विटेपर्यंत काढा, सांधे अर्धा इंच खोल खरवडा, धूळ झाडा, आदल्या रात्री भिंत भिजवा आणि १:५ किंवा १:६ चा माल भरा. ठिगळ घट्ट बसावं म्हणून मिस्त्री तिथे हमखास १:३ करायला बघेल, तेवढं करू देऊ नका, नाहीतर ठिगळाच्या चारी कडांनी चौकटीसारखी नवीन भेग दिसेल.